लंकाबाईंच्या हातावरची फ्रेम

आमच्या लंकाबाईंच्या ब्लाउजला हूक नाहीत. कापडी गुंड्या आहेत, स्वतः शिवलेल्या. गळ्यात काळ्या पोतीत सोन्याच्या दोन वाट्या, बाकी धातूचा कण नाही. साडीला सेफ्टी पिन लावली तर संध्याकाळपर्यंत खांद्यावर लाल चट्टा उठतो आणि दोन दिवसांनी त्यातून पाणी येतं. निकेल. पिनेत असतं, हुकात असतं, खोट्या दागिन्यात असतं, आणि चष्म्याच्या बहुतेक स्वस्त धातूच्या फ्रेममध्ये असतं. त्या धातूशी बाईंचं हाडवैर, आणि नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या माझ्या चष्म्याच्या दुकानात दिवसभर काम कसलं, तर फ्रेमा दुरुस्त करण्याचं. आता बोला.

मी कुसुम. दुकान माझ्या सासऱ्यांचं, मग नवऱ्याचं, तो गेल्यापासून माझं. मी तोंडाने फटकळ आहे, हे गिऱ्हाइकंही सांगतील. लंकाबाई आल्या तेव्हा फरशी पुसायला आल्या होत्या. दिंडोरीकडच्या. पुसता पुसता आमच्या कारागिराचं काम बघत राहायच्या. एक दिवस तो आला नाही आणि एका मास्तरांच्या चष्म्याची दांडी निघालेली. मी हात वर केले. बाई म्हणाल्या, "द्या हिकडं." हातात रबरी मोजे चढवले आणि बसवली की दांडी. त्याला आता चोवीस वर्षं झाली.

त्यांची खासियत सांगायची तर नाशकात दुसरं कुठे सापडणार नाही अशी. कंपनीचा माणूस 'टायटॅनियम' म्हणून नवा माल देऊन गेला की बाई त्यातली एक फ्रेम उचलायच्या. तिचा मुलामा ब्लेडने जरासा खरवडायचा, आणि कान ते डोळा अशी सबंध दांडी, बिजागरीसकट, स्वतःच्या हातावर आतल्या बाजूने कागदी पट्टीने चिकटवायच्या. शनिवारी चिकटवली की सोमवारी काढायची, आणि मंगळवार-बुधवार त्या जागेवर नजर ठेवायची. कारण हे पुरळ लगेच उठत नाही, दोन-दोन दिवस लपून बसतं. कातडी कोरी राहिली तर त्या मालाला पिवळा दोरा. लाल झाली तर बाई फ्रेम उचलून माझ्या टेबलावर आपटायच्या आणि म्हणायच्या, "ललितला सांगा, ह्याला टायटॅन म्हनत्यात व्हय?" ललित म्हणजे आमचा माल देणारा. तो बाईंना घाबरायचा.

ज्यांना अ‍ॅलर्जी असेल ते लोक थेट 'दोऱ्याची फ्रेम' मागायचे. आमच्या वरच्या मजल्यावर डॉक्टर इराचा कातडीचा दवाखाना आहे. पोरगी हुशार, बोलायला गोड. ती मला सारखी सांगायची, "काकू, बाईंच्या हातावर दुकान चालवू नका. त्यांनाच त्रास होईल एक दिवस." तिने निकेल ओळखायच्या औषधाची छोटी बाटलीसुद्धा आणून दिली होती. कापसाच्या काडीवर थेंब घ्यायचा, धातूवर घासायचा. निकेल सुटत असेल तर काडी गुलाबी होते. मी ती बाटली ड्रॉवरमध्ये टाकली. म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला? बाईंचा हात आहे की.

हा माझा शहाणपणा.

एप्रिलमधली गोष्ट. दुपारी साडेबाराला एक बाई दुकानात आली. सुरगाण्याकडची, पदर डोक्यावरून घट्ट. आत आली ती दारातच उभी. मी म्हटलं, बसा, तर बसेना. मग हळूच म्हणाली, "मी पुंजारामची बायको. जीपवाला पुंजाराम. तुमी त्याला चष्मा दिला ना."

पुंजाराम मला आठवत होता. सुरगाणा-नाशिक जीप चालवतो, तेरा वर्षं झाली. नंबर उणे साडेपाच. चष्म्याशिवाय त्याला पाच पावलांवरचा माणूस म्हणजे नुसता रंगाचा गोळा. पहिल्यांदा आला तेव्हा सोनेरी फ्रेम होती आणि नाकावर, कानशिलावर ओली जखम. इराने पट्ट्या लावून तपासलं, निकेलची अ‍ॅलर्जी निघाली. बाईंनी त्याला अ‍ॅसिटेटची फ्रेम दिली. अ‍ॅसिटेट म्हणजे कापसापासून बनतं ते जाड प्लास्टिक, कातडीला सहसा बाधत नाही. जखम महिन्यात वाळली. पण घामाने ती फ्रेम नाकावरून घसरायची, आणि एक दिवस तो तिच्यावर बसला. तुकडे. मग मार्चच्या शेवटी तो परत आला, तेव्हा नवाच माल आला होता, मेमरी मेटलचा. दांडी बोटाभोवती गुंडाळा, सोडली की सरळ. दांडीवर आतून 'टायटॅनियम' छापलेलं. बाईंच्या हातावर ती पास झाली होती. पुंजारामने ती पिळून बघितली आणि लहान पोरासारखा हसला. बाई म्हणाल्या, "घाल बिनघोर."

"मग?" मी विचारलं. "चष्म्याचं काय?"

"तो घालत नाय," बायको म्हणाली. "खिशात ठेवतो. पोलीस दिसला का घालतो. कानशिलं सोलून निघालीत, डोळ्याशेजारी पाणी येतं. आठ दिस झाले, तसाच गाडी हाकतो. मी शपथ घातली तर म्हनतो, रस्ता पाठ हाय. ताई, गाडीत माणसं असतात वो. आज मीबी हाय. द्राक्षाचं काम सुटलं, समदे मजूर घरला चाललेत."

सुरगाण्याच्या वाटेवरचा, बोरगावच्या अलीकडचा घाट मी पाहिलाय. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला हातभर उंचीचा कठडा आणि खाली काही नाही.

"गाडी किती वाजता?"

"तीनला. भरली का आधी बी निघतो. त्याला सांगू नका मी आले ते." ती पाठ फिरवून गेलीसुद्धा. मी पुंजारामला फोन लावला. नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

लंकाबाई मागच्या टेबलावर बसून सगळं ऐकत होत्या. मी वळले तर त्यांनी मानसुद्धा वर केली नव्हती. स्क्रू घट्ट करत म्हणाल्या, "माझ्या हातानं पास केलीय ती. फ्रेमीनं नाय व्हनार. डिझेलचे हात तोंडाला लावत आसंल."

"बाई, आठ दिवस झाले म्हणतेय ती."

"आवो, चोवीस वर्सांत एक तरी चुकला का माझा हात? एक सांगा."

खरंच, एकही नव्हता. आणि माझं डोकं तिथेच फिरलं. मी म्हटलं, त्या जीपमध्ये माणसं बसणार आहेत, तुमचा हात राहू दे बाजूला. त्या म्हणाल्या, मंग ठेवताच कशाला मला. असा आमचा अर्धा तास गेला. दोन म्हाताऱ्या बायका भांडत बसल्या आणि घड्याळ पुढे पळत होतं. आजही त्या अर्ध्या तासाची लाज वाटते.

शेवटी मी ड्रॉवरमधून इराची बाटली काढली. त्याच मालातल्या उरलेल्या फ्रेमांपैकी एक घेतली. काडीवर थेंब घेऊन दांडीवर घासलं. काडी पांढरी. बाईंनी माझ्याकडे बघितलं, नजर म्हणत होती, बघा. मग मी दांडी जिथे समोरच्या भागाला जोडतात तो सांधा ब्लेडने खरवडला आणि तिथे काडी फिरवली.

काडी गुलाबी झाली. थोडीथोडकी नाही, कुल्फीसारखी गुलाबी.

मी तशीच वर पळाले. इरा डबा खात होती. तिने फ्रेम उलटसुलट करून पाहिली. म्हणाली, "काकू, मेमरी मेटल म्हणजे टायटॅनियम असतं, पण निम्मं. उरलेलं जवळपास निम्मं निकेल. वर एक पातळ थर असतो, तो निकेल आत धरून ठेवतो, म्हणून दांडीवर काडी पांढरी राहिली. बऱ्याच जणांना ती चालते. पण ज्याला अ‍ॅलर्जी ठाऊक आहे त्याला देऊच नये. आणि हा सांधा तर वेगळ्याच मिश्रणाचा आहे, वरून मुलामा. ड्रायव्हरचा घाम, पंधरा दिवसांत मुलामा गेला असणार."

"पण मग बाईंच्या हातावर का नाही उठलं? त्या सांध्यासकट लावतात, खरवडून."

इराने चमचा खाली ठेवला. "बाई कसल्या गोळ्या घेतात का सध्या?"

मी तिथल्या खुर्चीत बसले.

गोळ्या मी दिल्या होत्या. फेब्रुवारीत मला सांध्यांनी धरलं होतं, तेव्हा माझ्या डॉक्टरांनी लिहून दिल्या होत्या, सकाळी एक. चार दिवसांत मी नाचायला लागले. बाईंचे गुडघे सुजलेले, माळ्यावरचा माल आणता येईना. मला लागू पडल्या म्हणून उरलेल्या मी त्यांना दिल्या, संपल्यावर चिठ्ठी दाखवून आणखी आणल्या. गोळी स्टेरॉइडची आहे हे पाकिटावर लिहिलेलं असणार. मी वाचलंय कशाला.

इरा म्हणाली, "त्या गोळीवर असताना कातडी खोटं बोलते, काकू. सूज येऊच देत नाही. पट्टीची तपासणी करताना आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो." मग जरा कडक आवाजात, "आणि एकदम बंद करू नका आता. महिना उलटला असेल तर हळूहळू कमी कराव्या लागतात. संध्याकाळी त्यांना माझ्याकडे घेऊन या."

मी खाली आले. बाई त्या गुलाबी काडीकडे बघत बसल्या होत्या. सांगायला हवं होतं तिथल्या तिथे. म्हटलं, आधी पुंजाराम. खरं कारण विचाराल तर मी भ्याले.

बाई उठल्या. म्हणाल्या, "त्याची जुनी भिंगं हायेत." फुटक्या अ‍ॅसिटेट फ्रेमची भिंगं त्यांनी पाकिटात नाव घालून ठेवली होती, एका काचेला कडेला बारीक ओरखडा, बाकी धड. नंबर तोच. त्याच बनावटीची, त्याच मापाची तपकिरी फ्रेम कपाटात होती. बाईंनी हीटर लावला. अ‍ॅसिटेट गरम केल्याशिवाय भिंग आत बसत नाही, आणि जास्त गरम झालं तर फोड येतात. नेहमी त्या बोटाने चाचपून एका दमात भिंग दाबतात. त्या दिवशी पहिलं भिंग दोनदा निसटलं. अडीच वाजता चष्मा तयार झाला. मी शटर ओढलं, बाटली आणि काड्या पर्समध्ये टाकल्या, बाईंनी पेचकस घेतला आणि माझ्या जुन्या गाडीत बसलो.

द्वारकेच्या चौकात जो कोणी तीन वाजायच्या सुमाराला गाडी घालतो त्याला मी मूर्ख म्हणत आलेय. त्या दिवशी ती मूर्ख मीच. एका ट्रकने वाट अडवली तेव्हा मी काच खाली करून जे बोलले ते इथे लिहीत नाही. सुरगाण्याच्या जीपा सुटतात त्या दिंडोरी नाक्यावर पोचलो तर जीप नव्हती. सीटा भरणारा सावळीराम टपरीला टेकून उभा.

"पुंजाराम? पंधरा मिनिटं झाली. आज पाच मिनिटांत भरली गाडी. वर टपावर पण बसलेत."

"फोन का उचलत नाही तो?"

"गाडी चालवताना नाही उचलत. चांगली सवय आहे ना, ताई." सावळीरामला त्यात काय चुकलं ते कळेना.

"थांबतो कुठे?"

"वणीला चहा. पुढे डायरेक्ट बोरगाव."

वणीच्या आधी रस्ता सरळ. घाट वणीनंतर. म्हणजे आमच्याकडे वणीपर्यंतचा वेळ होता. मी आयुष्यात साठच्या वर गाडी नेली नाही. त्या दिवशी काटा कुठे होता मी पाहिलं नाही. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, छाटणीनंतरच्या, नुसत्या लाकडाच्या. समोरून ट्रॅक्टर आला की बाई डॅशबोर्ड धरायच्या. दिंडोरी मागे पडली. दूर एक पांढरी जीप दिसली, टपावर बोचकी. जवळ गेलो तर दुसरीच.

मध्येच बाई स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाल्या, "हात म्हातारा झाला, ताई. कातडीचं बळ गेलं. आन मला कळलं बी नाय." मी गिअर बदलला. "त्या गाडीला काय झालं, तर मी कुनाला तोंड दाखवू?"

सांग आता, असं माझं मन म्हणत होतं. मी म्हटलं, "पाणी पिता का?" काय बाई असते एकेक.

वणीत स्टँडजवळच्या चहाच्या टपरीपाशी जीप उभी होती. लोक चढायला लागलेले. पुंजाराम दाराला हात लावून उभा. चष्मा खिशात, दांडी बाहेर आलेली. मी गाडी त्याच्या जीपच्या तोंडाशी आडवी घातली. तो डोळे बारीक करून बघू लागला. मी अगदी समोर जाईपर्यंत त्याने मला ओळखलं नाही. इथून पुढे हा घाट चढणार होता.

त्याची कानशिलं बघवेनात. दोन्ही बाजूंना जिथे सांधा टेकतो तिथे कवडीएवढी जागा, लाल, ओली, कडेला पिवळी खपली. डोळ्याखालची कातडी सुजून चकाकत होती. त्याची बायको पुढच्या सीटवर मान खाली घालून बसलेली.

"पुंजाराम, तो चष्मा काढून टाक," मी म्हटलं. "हा दुसरा घाल. अ‍ॅसिटेटचा."

त्याने हात मागे घेतला. "नको ताई. चष्मा नको आता. मावशीनं हातावर लावून दिलेला मला चालंना, म्हंजे माझं तोंडच तसलं. कातडीच खराब. दुसरा घेऊन काय व्हनार? त्यो बी जाळंल." जीपमधून कुणीतरी ओरडलं, चला की. तो म्हणाला, "रस्ता पाठ हाय मला. तेरा वर्सं."

त्याने फ्रेमला दोष दिलाच नव्हता. आमच्या दुकानावर इतका विश्वास, की माणसाने स्वतःच्या कातडीला दोषी ठरवलं. म्हणून तर तो तक्रार घेऊन आला नाही.

लंकाबाई पुढे झाल्या. गुडघ्यावर हात ठेवत. म्हणाल्या, "खिशातला दे." त्याने दिला. त्यांनी माझ्याकडे हात केला, मी बाटली दिली. बोनेटवर पदर पसरून त्यांनी ती फ्रेम ठेवली, काडी ओली केली आणि सांध्यावर घासली. खरवडायची गरजच नव्हती, मुलामा उडून आत पिवळट धातू दिसत होता. काडी त्याच्या नाकाशी नेली. "दिसतंय का? काय रंग?"

"गुलाबी," तो म्हणाला.

"निकेल हाय ह्यात. तुझं तोंड चांगलं हाय. फ्रेम खोटी, आन मी पास केली. माझा हात चुकला." गाडीतली माणसं बघत होती. चोवीस वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

मग त्यांनी नवीन काडी घेतली आणि तपकिरी चष्म्याच्या पुढच्या भागावर, दांड्यांवर फिरवली. पांढरी. एवढं पुरे होतं. मी म्हटलं, झालं, घाल आता. पण बाईंनी तिसरी काडी घेतली आणि बिजागरीच्या स्क्रूवर घासली. ती किंचित गुलाबी झाली. आता हा काही घालत नाही.

बाईंनी तीही काडी त्याला दाखवली. "हितं बी हाय जरा. हा खिळा. पन ह्यो बाहीर हाय, कातडीला टेकत नाय. दांडीच्या आत एक तार हाय, ती बी धातूची. ती आतच हाय तवर भ्या नाय. दांडी झिजून तार उघडी पडली, तर त्या दिशी काढायचा आन माझ्याकडं यायचं. कळलं?"

पुंजाराम त्या दोन काड्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हां. द्या."

चष्मा घसरू नये म्हणून दांड्या कानामागे वळवायला हव्या होत्या, आणि हीटर नाशकात. बाईंनी टपरीवाल्याकडून पेल्यात कढत पाणी घेतलं. दांडीचं टोक त्यात बुडवलं, मनात आकडे मोजले, काढून पुसलं आणि अंगठ्याने वळवलं. त्याच्या कानामागे बसवलं, काढलं, पुन्हा बुडवलं. सांध्याची जागा जखमेला लागत नाही ना, ते बोट घालून पाहिलं. त्याला मान खाली घालायला लावली, हलवायला लावली. चष्मा जागचा हलला नाही.

पुंजारामने मान वर केली. आधी बायकोकडे पाहिलं. मग टपावरच्या माणसांकडे, एकेकाकडे. आणि मग त्याची नजर जीपच्या डाव्या मडगार्डवर गेली. तो तिथे गेला आणि खाली बसला. हातभर लांबीचा पोचा होता, आणि त्यात काळा-पांढरा रंग लागलेला. तो रंग कशाला देतात ते तिथे उभ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. घाटातल्या कठड्याला.

"हे कवा झालं?" त्याने विचारलं.

त्याची बायको हळूच म्हणाली, "सोमवारी. मोठा आवाज झाला नव्हता का? तू म्हनला, दगड लागला."

त्याने त्या रंगावरून बोट फिरवलं. मग उठला, टपावरच्या सगळ्यांना खाली उतरवलं, मागून येणाऱ्या दुसऱ्या जीपमध्ये त्यांना बसवून दिलं. गाडीत बसताना मला म्हणाला, "ताई, हळू जातो." मी म्हटलं, "पोचलास की फोन कर. मी इथून हलणार नाही." तो गेला. पहिल्या वळणावर त्याने इंडिकेटर दिला, रस्ता रिकामा असून.

आम्ही टपरीच्या बाकावर बसलो. इराला फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं. चहा आला, गार झाला. बाई हाताची बाही वर करून ती आतली बाजू बघत होत्या, वर्षानुवर्षांच्या पट्ट्यांनी तिथली कातडी काळपट झालेली. मला ते बघवलं नाही.

"बाई, तुमचा हात चुकला नाही," मी म्हटलं. "त्या गुडघ्याच्या गोळ्या. त्यांनी कातडी गप्प बसते. इरा म्हणाली. गोळ्या मी दिल्या. मला दुपारपासून माहीत आहे आणि मी गाडीत बोलले नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता उठून जातील. जायलाच हव्या होत्या. पण त्यांचा चेहरा एकदम उजळला, अगदी पोरीसारखा. "म्हंजे हात खरा हाय माझा?" आणि दुसऱ्या क्षणी तो उजेड गेला. मडगार्ड आठवला असणार. "पन ताई, 'घाल बिनघोर' त्याला मीच म्हनले ना. गोळी नाय म्हनली."

मी रडले. भर बाजारात, टपरीवर. बाईंनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "दुसऱ्याची गोळी मी बी खाल्ली. तोंडात तुमी नव्हती घातली." एवढंच. माफ केलं म्हणाल्या नाहीत, आणि मीही माफी मागितली नाही.

सव्वासहा झाले. फोन नाही. तिकडे डोंगरात रेंज नसते हे मला माहीत होतं, तरी मी दर मिनिटाला फोन उलटा करून बघत होते. साडेसहा. सुरगाण्याकडून आलेल्या एका टेम्पोवाल्याला बाईंनी उठून विचारलं, वाटेत काय झालंय का. तो म्हणाला, काही नाही दिसलं. बाई परत येऊन बसल्या ते हातात हात घट्ट धरून. पावणेसात. मी मनात नवस बोलले, मी, जी कधी देवळाची पायरी चढत नाही.

सात वाजायला आले आणि फोन वाजला. मी स्पीकर लावला.

"ताई, पोचलो. समदे उतरले."

बाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "कानशिलं?"

"आता जळत नाय, मावशी. लय बरं वाटतंय."

"आज नको सांगू," बाई म्हणाल्या. "आज कुनालाच कळत नाय. परवा सांज झाली का फोन कर. तवर मला बी झोप नाय."